नव्वद टक्के जुळलं, म्हणून काय जुळलं?

«बातम्यांचं आशय विश्लेषण करताना दोघांनी वेगवेगळं कोडिंग करायचं. नव्वद टक्के जुळलं की तुमची कोडिंग फ्रेम पक्की. जिथे जुळत नाही तिथे बसून चर्चा करा, एकमत करा आणि आकडा पुन्हा काढा. तरीही कमी आला तर दुसऱ्या कोडरला नीट ट्रेनिंग द्या.»

हा सल्ला संशोधन करणाऱ्यांच्या ग्रुपांवर इतक्यांदा फिरून येतो की आता तो नियमच वाटू लागलाय. कोडिंग म्हणजे मजकुराचा प्रत्येक तुकडा ठरवलेल्या कप्प्यांत घालणं, आणि कोडिंग फ्रेम म्हणजे त्या कप्प्यांची यादी. त्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. पुढच्या तिन्ही वाक्यांबद्दल माझी तक्रार आहे, आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ती मांडतो.

समजा, पुराच्या बातम्यांमध्ये दोष कोणाला दिला जातो ते पाहायचंय. कोडिंगचं एकक परिच्छेद. एक कप्पा असा: «प्रशासनाला जबाबदार धरलं आहे». दोन कोडर, शंभर परिच्छेद, दोघांनी एकमेकांचं न बघता «आहे» किंवा «नाही» लिहिलं. निकाल असा लागला: ४ परिच्छेदांत दोघंही «आहे» म्हणाले, ८६ मध्ये दोघंही «नाही», ५ ठिकाणी फक्त पहिली कोडर «आहे» म्हणाली, ५ ठिकाणी फक्त दुसरा. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी घेतलेत, पण तक्त्याचा चेहरा ओळखीचा वाटेल.

नव्वद टक्क्यांचं. ४ आणि ८६ मिळून ९०. सल्ल्याप्रमाणे काम फत्ते. आता त्याच तक्त्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. दोघांपैकी कोणा एकाला तरी «आहे» वाटलं असे परिच्छेद १४. त्यातल्या फक्त ४ ठिकाणी दोघांचं पटलं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा कप्पा केला, नेमकी तीच शोधताना दहा वेळा फारकत झाली. नव्वदीतला जवळपास सगळा भरणा «इथे काही नाही» यावरच्या एकमताचा आहे, आणि पावसाचे मिलिमीटर सांगणाऱ्या परिच्छेदात प्रशासनावर ठपका नाही हे कोणालाही कळतं.

जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा यासाठीच वापरतात. (कॅपा हा आकडा, कप्पा म्हणजे वर्ग. मराठीत शिकवताना हा घोळ दरवेळी होतो.) त्याची कल्पना साधी आहे: दोघांनी मजकूर न वाचता, आपापल्या सवयीच्या प्रमाणात नुसते शिक्के मारले असते तरी किती जुळलं असतं? ते आधी वजा करायचं. इथे दोघंही १०० पैकी ९ वेळा «आहे» म्हणतात. नुसत्या योगायोगाने दोघांचं «आहे» जुळण्याची शक्यता ०.०९ गुणिले ०.०९ आणि «नाही» जुळण्याची ०.९१ गुणिले ०.९१. बेरीज साधारण ०.८३६. म्हणजे नव्वदातले ८३-८४ तर फुकटच मिळणार होते. उरलं ०.०६४, आणि मिळवण्यासारखं होतं ०.१६४. भागाकार केला की कॅपा येतो ०.३९.

हेच ९० टक्के ४५ «आहे» आणि ४५ «नाही» असे जुळले असते, आणि उरलेले दहा दोन्हीकडे पाच-पाच असते, तर कॅपा ०.८० आला असता. टक्केवारी तीच, अर्थ वेगळा. म्हणून सगळ्या फ्रेमचा मिळून एकच आकडा छापू नका. प्रत्येक कप्प्याचा तक्ता वेगळा मांडा. दुर्मीळ कप्प्यांत कॅपा पटकन खाली घसरतो, हा त्याच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावर टक्केवारीकडे परत पळून भागत नाही. वर केलं तसे ते १४ परिच्छेद समोर ठेवून बघावं लागतं.

चर्चा करून आकडा पुन्हा काढण्याचं. हे मला सगळ्यात खटकतं. कोडरांमधला मेळ मोजायचा तो दोन डोक्यांनी वेगवेगळं वाचूनही तेच सापडतं का हे कळावं म्हणून. एकत्र बसून उत्तरं जुळवल्यावर पुन्हा मोजलं तर आकडा वाढणारच. वाढवायलाच तर बसलो होतो. शिवाय अशा बैठकीत नमतं कोण घेतं? मी ज्या बैठकांना बसलोय त्यांत बहुतेकदा वयाने किंवा हुद्द्याने लहान असलेल्याने घेतलं. तो पटल्यामुळे गप्प बसला की कंटाळून, हे कागदावर कुठेच येत नाही.

यातून खरं नुकसान पुढे होतं. मेळ तपासून झाला की उरलेला मजकूर बरेचदा दोघं वाटून घेतात. चर्चेत दहा परिच्छेद मिटवले, पण ते दहा का फुटले याचा नियम कुठेच लिहिला नाही. त्यामुळे पुढचे हजार परिच्छेद दोघं आपापल्या जुन्याच पद्धतीने वाचणार. त्यात सोयीसाठी एका वर्तमानपत्राचे अंक पहिलीने आणि दुसऱ्याचे दुसऱ्याने घेतले, तर शेवटी दोन वर्तमानपत्रांमधला फरक म्हणून जे छापलं जाईल ते खरं तर दोन कोडरांमधला फरक असेल. मजकूर वाटायचाच असेल तर चिठ्ठ्या टाकून वाटा.

चर्चा करू नका असं मी म्हणत नाही, भरपूर करा. फक्त चर्चा झालेला मजकूर मोजणीतून बाद झाला असं समजा. सुधारलेली फ्रेम घ्या, दोघांनीही आधी न कोडलेले परिच्छेद काढा, वेगवेगळं कोडिंग करा आणि त्याचा आकडा द्या. त्यानंतर उरलेले मतभेद मिटवून अंतिम नोंद करा, पण दोघांचे मूळ कोड खोडू नका, वेगळ्या रकान्यात राहू द्या. आणखी एक पाहा: एकाच वृत्तसंस्थेची बातमी चार ठिकाणी जशीच्या तशी छापून आलेली असते. ती नमुन्यात चारदा आली तर एकच निर्णय चार वेळा मोजला जातो. मेळ तपासायच्या नमुन्यातून अशा प्रती आधी काढून टाका.

दुसऱ्या कोडरला ट्रेनिंग देण्याचं. कोणाला ट्रेनिंग द्यायचं ते ठरवण्याआधी फुटलेले दहा परिच्छेद वाचायला हवेत. आपल्या उदाहरणात फक्त पहिलीने «आहे» म्हटलेले पाचही परिच्छेद या वळणाचे आहेत:

«पाणी सोडण्यापूर्वी प्रशासनाने कोणतीही सूचना दिली नाही, असा आरोप ग्रामस्थांनी केला.»

ती म्हणते, प्रशासनाला दोष दिलाय, परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय. तो म्हणतो, दोष ग्रामस्थांनी दिलाय, वर्तमानपत्राने नाही. बातमीदार तर «असा आरोप» म्हणून मोकळा झालाय. आता फक्त दुसऱ्याने «आहे» म्हटलेले पाच बघा:

«पूर्वसूचना न देता धरणातून पाणी सोडण्यात आले.»

इथे तो म्हणतो, धरणाचे दरवाजे काय आपोआप उघडतात? ठपका प्रशासनावरच आहे. ती म्हणते, कोणी सोडलं ते लिहिलेलंच नाही. बातमीच्या मराठीत कर्ता गाळून «करण्यात आले» म्हणायची सवय इतकी मुरलेली आहे की हा पेच येणारच.

यात चुकलं कोण? कोणीच नाही. ती परिच्छेदात काय लिहिलंय ते वाचते, तो बातमीदार काय म्हणतोय ते वाचतो. दोघंही आपापल्या जागी पूर्ण सुसंगत आहेत. फ्रेमने मात्र एकाच कप्प्यात दोन प्रश्न कोंबले: दोष कोणाला, आणि तो कोणाच्या तोंडून? शिवाय कर्ता गाळला असेल तर काय करायचं हे सांगितलंच नाही. दुसऱ्या कोडरला «ट्रेनिंग» देऊन पहिलीसारखं वाचायला लावलं, तर आकडा सुधारेल आणि फ्रेममधली चूक तशीच राहील, आता दोघांच्या सहमतीने.

दुरुस्ती अशी. एका कप्प्याचे दोन अक्ष करायचे. पहिला अक्ष, जबाबदारी कोणावर: प्रशासन, निसर्ग, स्थानिक लोक, खासगी व्यावसायिक, इतर, कर्ता अनिर्दिष्ट, दोषारोप नाही. दुसरा अक्ष, कोणाच्या तोंडून: बातमीदार स्वतः, पीडित, विरोधी पक्ष, अधिकारी, तज्ज्ञ, इतर, लागू नाही. एका अक्षावर परिच्छेदाला एकच कोड. एकाच परिच्छेदात दोघांवर दोष असेल तर ज्याच्यावर आधी, तो घ्यायचा. हा नियम थोडा मनमानी आहे खरा, पण लिहिलेला आहे, आणि नको असेल तर परिच्छेदाऐवजी विधान हे एकक घ्या. मग मात्र विधानांच्या सीमा कोडिंगच्या आधीच आखून दोघांना एकच तुकडे द्यावे लागतील.

कोडबुकातली, म्हणजे कप्प्यांचे नियम लिहून ठेवतात त्या वहीतली, नोंद मी अशी लिहीन:

«कर्ता अनिर्दिष्ट: चूक किंवा हयगय झाल्याचं म्हटलं आहे, पण ती करणाऱ्याचं नाव किंवा पद त्या परिच्छेदात नाही. उदाहरण: “पूर्वसूचना न देता पाणी सोडण्यात आले.” निर्णयाचा नियम: करणारा कोण हे सामान्य ज्ञानाने कळत असलं तरी इथेच घालायचं. त्याच परिच्छेदात करणारा आला असेल तर इथे घालायचं नाही.»

तिसरं वाक्य लिहायला कोणाला सुचत नाही, आणि भांडणं तिथेच होतात. सामान्य ज्ञान धरायचं की नाही, यात बरोबर-चूक असं काही नसतं. तुमच्या प्रश्नाला काय हवं ते बघून ठरवायचं आणि दोघांनी तेच पाळायचं. दोष कसा झाकला जातो हाच तुमचा प्रश्न असेल तर हा कप्पा उलट सोन्यासारखा आहे, आणि तो मिळाला फुटलेल्या पाच परिच्छेदांतूनच.

मग आकडा किती आला म्हणजे चालेल? कॅपा किती म्हणजे चांगला हे सांगणारा लँडिस आणि कोख यांचा १९७७ चा तक्ता सगळे दाखवतात, ०.६१ च्या वर «भरीव» वगैरे. त्या पायऱ्या आपण मनाने पाडल्यात, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आशय विश्लेषणाचे अभ्यासक क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा हाही कॅपासारखा मेळ मोजणारा आकडा; त्यासाठी ते ०.८०० मागतात आणि ०.६६७ पर्यंत तात्पुरत्या निष्कर्षांना मुभा देतात. मी आकडा बघतोच, पण त्याआधी «इतर» कप्पा उघडतो. नव्या फ्रेममध्ये मेळ ०.८५ आला आणि पाव मजकूर «इतर» मध्ये पडलेला निघाला, तर दोघांचं एकमत एवढ्यावरच झालंय की फ्रेममध्ये या मजकुराला जागा नाही.