आधी वाचा, मग उडी मारा

आपण गेम तयार करीत असाल आणि तिच्यात हवेतल्या हवेत डॅश, म्हणजे झटक्यात पुढे झेप, मारण्याची सोय केली असेल, तर ती खेळाडूला कशी शिकवायची, हा प्रश्न आपल्यापुढे कधीतरी उभा राहणारच. अशा वेळी कोणीतरी आपल्याला १९८५ सालच्या ‘सुपर मारियो ब्रदर्स’च्या पहिल्या लेव्हलचा दाखला देईल. तिकडे मुळीच लक्ष देऊ नका. त्या लेव्हलमध्ये सूचनेचा एक शब्दही नाही, आणि ज्या कामात एकही शब्द लिहावा लागत नाही त्या कामाचा मोबदला कोण देणार?

तिथे काय केले आहे ते केवळ टाळण्यासाठी म्हणून पाहा. मारियो पडद्याच्या डाव्या बाजूला, उजवीकडे तोंड करून उभा असतो आणि पुढची जागा मोकळी असते, त्यामुळे कोणीकडे जायचे हे सांगण्याची सोयच उरत नाही. पहिला शत्रू समोरून चालत येतो. खेळाडूला उडी मारता आली नाही तर तो मरतो, पण त्याचे नुकसान अवघ्या काही सेकंदांचे होते. पुढे विटांच्या रांगेतील एका ठोकळ्यातून अळंबी बाहेर पडते, उजवीकडे सरकत खाली उतरते, पाइपला आपटते आणि उलटी फिरून थेट मारियोकडे येऊ लागते. नुकताच शत्रूचा धडा घेतलेला खेळाडू घाबरून उडी मारतो, तर डोक्यावरच्या विटा त्याला खाली ढकलतात आणि बहुतेक वेळा तो त्या अळंबीवरच पडतो. मारियो मोठा होतो. ‘अळंबी चांगली असते’ हे वाक्य लिहिण्याची संधी अशा प्रकारे वाया घालवली जाते.

आपण ही चूक करू नका. खेळाडू गुहेत शिरताच गेम गोठवा, पडद्यावर एक पांढऱ्या दाढीचे गुरुजी आणा आणि त्यांच्या तोंडी चार चौकटींचे भाषण घाला. पहिल्या चौकटीत डॅशचा प्राचीन इतिहास यावा, दुसरीत त्याचे तत्त्वज्ञान, तिसरीत दमाच्या पट्टीचा हिशोब आणि चौथीत, वेळ उरलाच तर, बटण. अक्षरे एकेक करून उमटू द्या. पुढची चौकट उघडण्यासाठी उडीचेच बटण ठेवा, म्हणजे कंटाळून ते भराभर दाबणाऱ्या खेळाडूचे शेवटचे दाबणे भाषण संपल्यावर उडी म्हणून मोजले जाईल आणि तो समोरच्या दरीत जाईल. भाषण पुन्हा वाचण्याची सोय मेनूमध्ये ठेवू नये. एकदा सांगितलेले ज्याला कळत नाही त्याला दुसऱ्यांदा तरी का कळावे? ‘प्लँट्स व्हर्सेस झोंबीज’ ही गेम रचणाऱ्या जॉर्ज फॅन यांनी एका व्याख्यानात पडद्यावर एका वेळी फार तर आठ शब्द असावेत असा दंडक सांगितला होता. आपल्या गुरुजींना तेवढ्यात नमस्कारसुद्धा आटोपता येणार नाही.

आता अनुभवी खेळाडूकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. या माणसाने अशा गेम वर्षानुवर्षे खेळलेल्या असतात. कंट्रोलर हातात घेताच तो सगळी बटणे एकदा दाबून पाहतो आणि गुहेपर्यंत पोहोचण्याआधीच दोनदा डॅश मारून मोकळा होतो. त्याला हे करू देणे म्हणजे आपल्या शिस्तीचा अपमान आहे. म्हणून गुरुजींचे भाषण होईपर्यंत ते बटण बंद ठेवा. ते जमत नसेल तर निदान त्याने आधी मारलेले डॅश मोजू नका: भाषणानंतर कोपऱ्यात ‘डॅश मारा ०/३’ अशी पाटी लावा आणि तीन भरेपर्यंत दार उघडू नका. मोजणी पाटी दिसल्यानंतरच सुरू करायची, हे प्रोग्रामरला बजावून सांगा. नाहीतर एखादा अतिउत्साही प्रोग्रामर गेम सुरू झाल्यापासूनच खेळाडूच्या कृतींची नोंद ठेवील आणि ज्याने डॅश आधीच मारला आहे त्याला पाटी दाखवणारच नाही. ही दोन ओळींची करामत आहे, आणि तीच सर्वांत घातक, कारण तिच्यामुळे नवख्याला शिकवणी मिळते आणि जाणत्याला ती झाल्याचा पत्ताही लागत नाही.

याच जातीचा दुसरा धोका म्हणजे दरी. साध्या उडीने थोडक्यात हुकेल इतकी रुंद दरी ठेवायची, तिच्या तळाशी मरण न ठेवता वर येणारा उतार ठेवायचा, आणि खेळाडू दोनदा पडला किंवा काही काळ नुसताच काठावर घुटमळला, तरच त्याच्या डोक्यावर बटणाचे छोटेसे चित्र दाखवायचे. पहिल्याच फटक्यात पार झाला तर काहीच दाखवायचे नाही. पुढची दरी तशीच, पण तळ नसलेली. हे वाचायला सोपे वाटते, तरी कोणी दरीची रुंदी चुकवून साध्या उडीनेही पार होण्याजोगी केली, तर खेळाडू डॅश न शिकताच पुढे जातो आणि दोन लेव्हल पलीकडे अडकून बसतो. आपण या जोखमीत पडू नका. डॅश शिकवल्यावर पुढचा अर्धा तास त्याची गरजच पडणार नाही अशी रचना करा, म्हणजे विसरण्याचे काम खेळाडूकडे राहील. (दोन बटणे ठरावीक क्रमाने दाबायची असतील तर ते दरीकडे पाहून कोणालाच सुचणार नाही आणि तिथे शब्द लागतातच, हे मी आपल्याला गुपचूप सांगतो, पण म्हणून चार चौकटी लागत नाहीत.)

ट्यूटोरियल वगळण्याचे बटण द्यावे का? अवश्य द्यावे, पण सगळे किंवा काहीच नाही, अशा स्वरूपाचे. जाणता खेळाडू चालणे, उडी आणि कॅमेरा टाळण्यासाठी ते दाबील, आणि त्याच पोटात आपण लपवलेली एकमेव नवी गोष्ट, म्हणजे भिंतीला टेकताच डॅश पुन्हा भरतो ही, त्याच्या हातून निसटेल. मग तो तिसऱ्या लेव्हलवर गेमला शिव्या घालील आणि आपल्याला म्हणता येईल की वगळायला कोणी सांगितले होते? चालणे सर्वांना येते म्हणून ते वीस मिनिटे शिकवावे. भिंतीचा डॅश कोणालाच येत नाही म्हणून तो एका वाक्यात उरकावा.

पुनरावृत्तीही विसरू नका. झेल्डा मालिकेतील २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये गेम बंद करून पुन्हा सुरू केली की आधी गोळा केलेल्या वस्तूही पुन्हा उचलताच आपले वर्णन ऐकवत असत. २०२१ च्या नव्या आवृत्तीत हे वर्णन फक्त पहिल्या वेळेपुरते ठेवले गेले, आणि एक परंपरा संपली.

शेवटी चाचणी. एखाद्याला गेम खेळायला देऊन मागे गप्प बसू नये, कारण मग सगळे दिसते. मी एकदा गप्प बसलो होतो. खेळाडूने माझ्या चारही चौकटी, मी पाहता पाहता, दोन सेकंदांत उडवल्या; तेच बटण उडीचे असल्यामुळे तो दरीत पडला; आणि मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते तो चेकपॉइंट भाषणाच्या आधी असल्यामुळे गुरुजी पुन्हा पहिल्या चौकटीपासून डॅशचा प्राचीन इतिहास सांगू लागले. त्याने माझ्याकडे वळून विचारले, “हे म्हातारं काय सांगतंय?” मी त्याला वाचायला सांगितले. तोवर त्याने पुन्हा बटण दाबले होते.