यूट्यूब चॅनेल डिलीट करण्याआधी हे वाचा: मावशीला आलेल्या मेसेजला उत्तर

*"जुनं चॅनेल नको असेल तर मोबाईलवरून सरळ डिलीट करा. त्याच जीमेलवर नवीन चॅनेल काढलं की सबस्क्रायबर आपोआप येतात. राहिलेले पैसे बँकेत जमा होतात, प्लेलिस्ट गूगलमध्ये सेव्ह असतात. पटलं नाही तर 30 दिवसांत सगळं परत मिळतं."*

हा मेसेज माझ्या मावशीला तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला. रेसिपी बंद करून तिला भजनांचं चॅनेल चालवायचं होतं. डिलीट करायच्या आदल्या रात्री तिने सहज फोन केला, म्हणून तिची सात वर्षांची मेहनत वाचली. हा मेसेज अजून फिरतोय, याचा मला खरंच राग येतो.

सबस्क्रायबर आपोआप येतात, हे सगळ्यात घातक वाक्य आहे. सबस्क्रायबर जीमेलचे नसतात, चॅनेलचे असतात. चॅनेल गेलं की ते गेले, आणि त्याच जीमेलवर काढलेलं नवं चॅनेल शून्यापासून सुरू होतं. जाहिरातीच्या कमाईसाठी पुन्हा 1,000 सबस्क्रायबर, 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं (किंवा शॉर्ट्सचा वेगळा निकष) आणि पुन्हा अर्ज. मुळात मावशीला डिलीट करायची गरजच नव्हती. चॅनेलचं नाव आणि @ने सुरू होणारं हँडल, दोन्ही बदलता येतात; 14 दिवसांत दोनदा. रेसिपीचे व्हिडिओ खाजगी केले की झालं. चॅनेल कुणा दुसऱ्याने चालवायचं असेल तर यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानग्या देता येतात, पासवर्ड वाटावा लागत नाही.

पैशांबद्दलचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. चॅनेल डिलीट झालं म्हणून ॲडसेन्समध्ये, म्हणजे जाहिरातीचे पैसे जिथे साठतात त्या गूगलच्या खात्यात, आधीच जमा झालेली रक्कम कुणी काढून घेत नाही, कारण ते खातं वेगळं असतं. पण बँकेत ती आपोआप येत नाही. 100 डॉलरचा उंबरठा ओलांडल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मावशीच्या खात्यात 64 डॉलर होते. चॅनेल गेलं असतं तर त्यात भर पडणं थांबलं असतं आणि ते 64 तसेच पडून राहिले असते. नवं चॅनेल कमावायला लागेपर्यंत ते काढायचा एकच मार्ग उरला असता, ॲडसेन्स खातंही बंद करणं. तेव्हा 10 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असेल आणि पेमेंट कुठे अडलेलं नसेल तर शेवटचा हप्ता मिळतो, त्यालाही साधारण तीन महिने लागतात. शिल्लक 10 डॉलरच्या खाली असेल तर पाणी सोडायचं. त्याच ॲडसेन्सला घरातल्या दुसऱ्या कुणाचं चॅनेल जोडलेलं असेल तर खातं बंद करूच नका, त्याचीही कमाई थांबेल.

अजून एक. या महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेच्या दरम्यान ॲडसेन्समध्ये पक्की होते. चॅनेल गेल्यावर त्याचे आकडे ॲनालिटिक्समध्ये दिसत नाहीत, मग जमा झालेली रक्कम ताडून कशाशी बघणार? महिना संपू द्या, रक्कम ॲडसेन्समध्ये आलेली बघा, कमाईचा अहवाल डाउनलोड करा. रिटर्न भरताना तो लागतोच.

प्लेलिस्ट गूगलमध्ये सेव्ह नसतात, चॅनेलबरोबर पुसल्या जातात. takeout.google.com वरून आधी उतरवून घ्याव्या लागतात. इथे मावशीचा घोळ झाला होता. तिचं चॅनेल ब्रँड अकाउंटवर, म्हणजे चॅनेलच्या वेगळ्या खात्यावर होतं आणि टेकआउट उघडलं होतं तिच्या स्वतःच्या खात्यातून. फाइल आली, पण एवढीशी, आणि आत तिचा एकही व्हिडिओ नव्हता. वर उजवीकडच्या गोल चित्रावर टिचकी मारून चॅनेलचं खातं निवडल्यावर खरी फाइल आली. प्लेलिस्टच्या फाइलमध्ये फक्त व्हिडिओंचे क्रमांक असतात, दुसऱ्यांचे व्हिडिओ नसतात. डाउनलोडची लिंकही आठवडाभरच चालते. फाइल उघडून आपले व्हिडिओ मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राहिलं 30 दिवसांचं. यूट्यूबच्या मदत पानावर चॅनेल बंद केल्यास व्हिडिओ, कमेंट, प्लेलिस्ट सगळं कायमचं जातं असं स्वच्छ लिहिलंय. तिथे 30 दिवसांची हमी कुठेही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा दोन पर्यायांची गल्लत केली. कंप्युटरवर सेटिंगमधल्या View advanced settings मध्ये Delete channel निवडलं की दोन ओळी येतात: I want to hide my channel आणि I want to permanently delete my content. पहिल्यातून परत येता येतं, दुसऱ्यातून नाही. टिक करण्याआधी प्रत्येक ओळीखाली काय जाणार याची यादी असते, ती वाचा.

मावशीच्या चॅनेलला आता भजनांचं नाव आहे. सबस्क्रायबर तेच, 64 डॉलर तिथेच, आणि पहिल्या हरिपाठाखाली तिच्या जुन्या पुरणपोळीवाल्या प्रेक्षकांच्याच कमेंट आल्यात.