स्टेपनी जाम झाली म्हणून केबल कापू नका

फिरत असलेला मेसेज असा आहे: "गाडीखालची स्टेपनी जाम झाली तर मेकॅनिकची वाट बघू नका. गंजाचा स्प्रे मारा, टॉमीला लांब पाइप लावून जोर द्या. नाहीच हलली तर जॅकवर गाडी चढवून खाली जा आणि केबल ग्राइंडरने कापा. टायर आपोआप पडतो, पाच मिनिटांचं काम. केबलचं नंतर बघता येतं, गंजली तरी ती सहसा तुटत नाही."

माझं टायरचं काम रत्नागिरीत आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे जाम स्टेपनी इथे नेहमीच येते. यातली प्रत्येक गोष्ट करून मग आलेली गाडीही येते, म्हणून हे लिहितोय.

आधी स्प्रे. स्प्रे वाईट नाही, पण तो मारायचा कुठे हे ठरवल्याशिवाय उपयोग नाही, कारण जाम होण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत. टॉमी फिरतच नसेल, तर आधी तिचं टोक विंचच्या, म्हणजे केबल गुंडाळून स्टेपनी वरखाली करणाऱ्या यंत्राच्या, खाचेत नीट बसलंय का ते पाहा. अर्ध्या वेळा तिथेच चूक असते, चिखलाने भोक भरलेलं असतं. टोक बसूनही हलत नसेल, तर विंचचं गिअर किंवा आतला ड्रम गंजलाय. तिथे स्प्रे केबल जिथून विंचमध्ये शिरते त्या तोंडाशी मारायचा आणि रात्रभर मुरू द्यायचा. पाच मिनिटांत तो आत पोचतही नाही. टॉमी कटकट करत फिरते आणि टायर तसाच, म्हणजे विंचचा क्लच घसरतोय किंवा दाते गेलेत. तिथे स्प्रेने काहीच होणार नाही. आणि टॉमी हलकी फिरते, केबल सैल सुटते, तरी टायर वरच, हा तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा. विंच चांगला आहे, पण केबलच्या टोकाची पट्टी रिमच्या मधल्या भोकात गंजून चिकटली आहे किंवा रिमच वरच्या ब्रॅकेटला धरून बसलं आहे. म्हणजे वीस-पंचवीस किलोचं चाक फक्त गंजावर लटकलंय.

आता पाइप. स्टेपनीच्या विंचमधलं गिअर एक चाक वरखाली करण्यापुरतं असतं. टॉमीला चार फुटी पाइप लावला की गंज सुटायच्या आधी शाफ्ट पिळतो किंवा दाते तुटतात. इम्पॅक्ट गनने तेच आणखी लवकर होतं. करायचं ते उलट: पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा स्प्रे, पुन्हा पाव फेरा. हाताला थोडी थोडी ढील जाणवायला लागते. केबल पूर्ण सुटल्यावरही तशीच फिरवत राहिलात, तर ती ड्रमवर उलटी गुंडाळली जाते आणि चांगला विंच तुम्हीच जाम करता.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी एक सात सीटची गाडी आली, मागचा डावा टायर पंक्चर. मालकांनी टॉमी तीस-चाळीस फेरे फिरवली होती, केबल हातभर लोंबत होती आणि टायर जागच्या जागी. ते छिन्नी-हातोडा घेऊन खाली सरकायच्या बेतात होते. "काका, आधी बाहेर या," म्हटलं. त्या हातभर ढिलीचा अर्थ असा, की गंज सुटला असता तर चाक हातभर खाली थेट त्यांच्या छातीवर आलं असतं.

पहिलं काम केलं ते केबल परत वर गुंडाळायचं. फक्त चार बोटं ढील ठेवली, म्हणजे सुटलं तरी चाक तेवढंच खाली येईल. गाडी सपाट जागेवर होती, हँडब्रेक ओढला, पहिल्या गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. मग मागून, हात लांब करून, स्टेपनीखाली दुसरा जॅक सरकवला, त्यावर जाड फळी ठेवली आणि टायरच्या खाली दोन बोटांची जागा सोडली. लांब नळीने स्प्रे नेमका पट्टी आणि रिमच्या सांध्यात मारला. पाऊण तास चहा, गप्पा. त्यानंतर बंपरच्या मागे बसून लाकडी वाशाने टायरच्या कडेवर, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ठोकलं. सातव्या-आठव्या ठोक्याला लाल मातीचा ढीग पडला आणि चाक धप्पकन फळीवर बसलं. जॅक खाली घेतला, टॉमीने केबल सोडली, पट्टी तिरकी करून भोकातून काढली. सगळ्या वेळात कोणाचंही डोकं किंवा धड गाडीखाली गेलं नाही.

जॅकवर चढवून खाली जाण्याबद्दल एवढंच सांगतो, की गाडीतला जॅक चाक बदलण्यासाठी आहे, माणूस खाली असताना गाडी धरण्यासाठी नाही. मागचा टायर बसला असेल तर गाडी खाली आलेली असते आणि स्टेपनी बाहेर ओढायला जागा पुरत नाही, तेव्हा थोडं उचलावं लागतं हे खरं. पण तेव्हा ओढायचं ते टॉमीच्या आकड्याने, बाहेरून. खाली जावंच लागलं तर गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर हवी.

केबल कापणं कधीतरी करावं लागतं, ते मी नाकारत नाही. पण ग्राइंडरने नाही. इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या तिथून फार लांब नसतात आणि ठिणग्या सगळीकडे उडतात. शिवाय काही गाड्यांच्या विंचला दुसरा खटका असतो. केबल तुटली तरी टायर रस्त्यावर पडू नये म्हणून तो चाक धरून ठेवतो. अशा गाडीत केबल कापली तरी टायर वरच राहतो. मी आधी विंचचे चेसिसवरचे बोल्ट बघतो. गाडी घोड्यांवर, स्टेपनीखाली टेकलेला जॅक, मग बोल्ट काढून विंच आणि चाक दोन्ही एकत्र खाली. बोल्टही गंजून गेले असतील तरच, तसाच जॅक टेकवून, हॅकसॉने केबल.

राहिली गंजलेली केबल. त्या काकांची केबल पुसून बघितली तर पट्टीपासून वीतभर अंतरावर तिचे पाच-सहा पदर तुटलेले होते, बोटाला सुईसारखे टोचत होते. कारण गंज एकटा नव्हता. आधीच्या वेळी चाक वर घेताना कोणीतरी अर्धवट आवळलं होतं, त्यामुळे ते खड्ड्याखड्ड्यात झुलत होतं आणि केबल घासत होती. असं चाक हायवेवर सुटलं तर मागच्या मोटरसायकलवाल्याचं काय होईल? तुटलेले पदर किंवा लाल पूड दिसली की तेल लावून चालवायची नाही, विंचचा पूर्ण संच बदलायचा.

नवा संच बसवल्यावर चाक वर घेताना पट्टी रिमच्या मधोमध बसली आहे हे पाहिलं, क्लचची कटकट ऐकू येईपर्यंत आवळलं आणि पायाने ढकलून बघितलं, हलत नव्हतं. स्टेपनीत हवा होती फक्त 12 पीएसआय. ती भरून दिली आणि काकांना सांगितलं की मे महिन्यात एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा ती खाली उतरवायची, पट्टी ब्रशने साफ करायची, केबलला पातळ तेलाचा हात द्यायचा. ग्रीस नाही, त्याला चिखल चिकटतो.