अर्धा अंश सगळीकडे सारखाच, पण त्याचा फटका सारखा नाही

> तुमचा अपवर्तनांकाचा आकडा पटला नाही. काचेच्या चिपेवर पाच रीडिंग घेतलीत आणि २० अंशांचं सरळ गाळलंत, का तर म्हणे ते भरवशाचं नाही. कोनमापक तोच, टाचण्या त्याच, चूक सगळीकडे अर्धा अंशच; मग एकच रीडिंग वाईट कसं? पाचांची सरासरी १.५११७ येते. ती सोडून १.५१ ± ०.०१ लिहिणं म्हणजे हाती आलेले अंक फेकून देणं.

आधी माझी चूक. २० अंशांचं रीडिंग गाळायला नको होतं. नको वाटलं म्हणून वगळलेलं रीडिंग उद्या दुसरं कोणी सोयीचं उत्तर आणायलाही वगळेल. ते ठेवायचं, पण त्याच्या लायकीइतकंच वजन देऊन.

ही लायकी ठरते कशी? अपवर्तनांक काढताना आपण कोनांना नाही, त्यांच्या साइनना भागतो. २० अंशांच्या आपाती कोनाला अपवर्तन कोन १३ अंश आला होता. तेरातला अर्धा अंश चुकला की साइन जवळपास चार टक्क्यांनी हलते. ६० अंशांना अपवर्तन कोन ३५. तिथे तोच अर्धा अंश साइनला सव्वा टक्काच हलवतो. दोन्ही कोनांतल्या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर सूत्र असं:

```
Δn = n × √[(cot i · Δi)² + (cot r · Δr)²]
```

यात Δi आणि Δr रेडियनमध्ये घालायचे, म्हणजे ०.५° ऐवजी ०.००८७. अंश तसेच घातले की ६० अंशांच्या चांगल्या रीडिंगलाही पाऊणशे टक्क्यांहून जास्त चूक दिसते. (हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे, हेतू नसताना.) पाचही रीडिंगचा हिशेब:

```
i     r       n      Δn
20°   13°     1.520  0.07
30°   19.5°   1.498  0.04
40°   25°     1.521  0.03
50°   30.5°   1.509  0.02
60°   35°     1.510  0.02
```

शेवटचा स्तंभ पाहा. साध्या सरासरीत पहिल्या आणि शेवटच्या ओळीला सारखंच मत मिळतं. प्रत्येकाला Δn च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं, तर ६० अंशांचं वजन २० अंशांच्या सुमारे अकरा पट होतं. अशी भारित सरासरी १.५१०८ येते आणि तिची अनिश्चितता ०.०१३. दुसऱ्याच दशांश स्थानावर एखादा अंक इकडेतिकडे होऊ शकत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या स्थानावरचे ०८ आणि १७ काचेबद्दल काही सांगत नाहीत, ते भागाकारातून आलेत. म्हणून १.५१ ± ०.०१. २० अंशांचं रीडिंग गाळलं असतं तर १.५१०५ आलं असतं. तेव्हा ते गाळून मी फायदाही काही मिळवला नव्हता.

आता ‘चूक अर्धा अंशच’ याबद्दल. कोनमापकावर एका अंशाच्या खुणा आहेत म्हणून त्याचा निम्मा, असं तुम्ही धरलंत असं दिसतं. माझ्या कागदावर मोठा वाटा टाचण्यांचा होता. दोन टाचण्यांमधलं अंतर ५ सेंमी असेल आणि एक टाचणी अर्धा मिलिमीटर बाजूला गेली, तर किरणाची रेषा तेवढ्यानेच अर्ध्या अंशाहून थोडी जास्त फिरते. कोनमापक कितीही बारीक घ्या, ही चूक तशीच राहते. टाचण्या दूर टोचा, १० सेंमीवर ती निम्मी होते.

आणि एक चूक अशी आहे जी वरच्या सूत्रात येतच नाही. स्तंभिका एका अंशाने तिरकी काढली, तर i आणि r दोन्ही एकाच दिशेला एकेक अंशाने सरकतात. अशा वेळी दोन चुका स्वतंत्र नसतात, आणि रीडिंग वाढवूनही त्या पुसल्या जात नाहीत. दोन्ही कोन अंशाने जास्त वाचले गेले, तर २० अंशांना n सुमारे ०.०४ ने कमी येतो, ६० अंशांना ०.०२ ने. म्हणजे कोन वाढेल तसा n एकाच दिशेने चढत जाताना दिसेल. वरच्या तक्त्यात तो खालीवर होतोय, चढ नाही. त्यामुळे माझी स्तंभिका फार तिरकी नसावी, असं मी धरलं. शंका असेल तर त्याच बिंदूवर स्तंभिकेच्या दुसऱ्या बाजूनेही किरण पाडा. तिथे ही चूक उलट चिन्हाने येते, आणि दोन्ही बाजूंच्या कोनांची सरासरी घेतली की ती जवळपास निघून जाते.

तुमच्याकडे चीप असेल तर २० आणि ३० अंशांवर वेळ न घालवता ४५ ते ७० मध्ये चार-पाच रीडिंग घ्या. त्याहून पुढे जाऊ नका: काचेच्या पृष्ठभागावरून परावर्तन वाढतं, पलीकडून टाचण्या फिकट दिसतात, आणि त्या एका ओळीत आणताना अर्धा अंशही हातात राहत नाही.