शेवटचा मेल आणि एक आकडा

"सहा वाजता तुमचा आयडी बंद होणार बरं का," आयटीतल्या पोरानं सकाळीच येऊन सांगितलं. सलाइन काढायला आलेल्या वॉर्डबॉयचा आवाज असाच असतो.

कुपवाड एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात अकाउंट्सच्या टेबलावर माझी अकरा वर्षं गेली. भडंग वाटून झाली होती, कॅल्क्युलेटर पिशवीत गेला होता. राहिला होता तो फक्त निरोपाचा मेल. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. दुपारी तीनपर्यंत दीड पान झालं. त्यात कँटीनचा चहा होता, 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरल्यावर स्टोअर्सवाल्यांच्या घरी काढलेले आठ दिवस होते आणि शेवटी हळूच एक वाक्य घुसलं होतं, 2021 च्या पगारवाढीबद्दल.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी वाचलं. "मेल आहे का सत्यनारायणाची पोथी? आणि हे पगारवाढीचं काढा. जाताना उंबऱ्यावर थुंकू नये." त्यांनी माझ्याच कीबोर्डवर माझ्याच अकरा वर्षांची छाटणी केली. उरलं ते एवढं:

"नमस्कार. आज माझा इथला शेवटचा दिवस. अकरा वर्षं सगळ्यांनी सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. पुरात ज्यांनी घर उघडलं त्यांचे जास्तच. बिलांचं काम सोमवारपासून मॅडम बघतील. हा पत्ता संध्याकाळी बंद होतोय, म्हणून खाली माझा मोबाइल नंबर आणि घरचा ईमेल देतोय. सांगलीतच आहे. चहाला या."

खरं सांगायचं तर दीड पानापेक्षा हे बरं होतं. पुराचं एकच वाक्य ठेवलं होतं, पण ज्याला कळायचं त्याला कळणार होतं.

घरच्या ईमेलपाशी मात्र अडलं. तो मी कॉलेजात असताना विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत काढलेला. मराठीत वाचला तर 'सांगलीचा राजा चौऱ्याऐंशी'. तो जनरल मॅनेजरना कसा पाठवणार? मग घाईघाईनं साध्या नावाचा नवा काढला. तो मेलच्या मजकुरातच लिहायला लागतो, कारण माणसं सवयीनं 'रिप्लाय' दाबतात आणि उत्तर बंद पडलेल्या पत्त्यावर जाऊन आपटून परत येतं.

पत्ते कुठं भरायचे, याचा धडा डिस्पॅचवाल्यांनी आधीच दिला होता. त्यांनी निवृत्त होताना एकशे चाळीस जणांना सरळ 'टू' मध्ये टाकलं. मग प्रत्येकानं 'रिप्लाय ऑल' दाबून 'ऑल द बेस्ट' केलं आणि दोन दिवस कुणाला साधं इन्व्हॉइस सापडेना. म्हणून मी 'टू' मध्ये स्वतःलाच ठेवलं आणि बाकी सगळे 'बीसीसी' मध्ये. तिथली नावं कुणालाच दिसत नाहीत. स्वतःवर खूश होऊन पाच चाळीसला मेल सोडला. "नंबर एकदा लावून बघा," मॅडम म्हणाल्या. मी हसलो. स्वतःचा नंबर काय लावून बघायचा?

साडेसात वाजता आयर्विन पुलावर थांबलो. फोन नाही. नऊ वाजता घरी. फोन नाही. अकरा वर्षं! एकालाही वाटू नये? मी जेवणावरून अर्धवट उठलो, तशी बायको म्हणाली, "नंबर तरी बरोबर दिलाय का?"

बघणार कुठं? पाठवलेला मेल बंद खात्यात, आणि घरच्या पत्त्यावर एक प्रत टाकायची अक्कल सुचली नव्हती. शेवटी मॅडमनाच फोन करून नंबर वाचायला लावला. शेवटून दुसरा आकडा चुकला होता. सातच्या जागी चार.

सकाळी आयटीच्या पोराला विचारलं, मेल परत ओढता येईल का? "काका, ते फक्त कंपनीतल्या कंपनीत, तेही समोरच्यानं वाचला नसेल तर. आणि तुमच्याच खात्यातनं करायला लागतंय. खातं कुठाय आता?" मॅडम दुरुस्ती पाठवायला तयार होत्या, पण कुणाकुणाला? बीसीसीची यादी मेलवाल्या सोडून कुणाला माहीत, आणि मेलवाला मी.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तुम्ही नोकरी सोडलेलं सायेब का? मी तासगावातनं बोलतोय. वॉचमननं तुमचा खरा नंबर दिला. काल सांजेपासनं चौदा फोन आलं मला. द्राक्षाच्या बागंत औषध मारू द्यायना झालीत."

मी माफी मागितली.

"ते असू दे. पहिल्या तिघांस्नी सांगितलं राँग नंबर. पण चौथी बाई रडायच लागली. मग म्हटलं, होय, मीच बोलतोय, रडू नगा, सांगलीतच हाय मी."

"कोण होत्या? नाव काय त्यांचं?"

"आता मीच तुम्ही म्हटल्यावर नाव कसं इचारणार, सायेब?"