एका परिच्छेदात कूलर

मुंबईचे एक गृहस्थ आमच्या धंद्यात पैसे घालण्याची थोडीफार शक्यता होती. त्यांनी फोनवर अट घातली ती अगदी साधी. "स्लाइड्स नकोत. एक परिच्छेद पाठवा. अडचण काय, आतापर्यंत काय जमलं, बाजार केवढा आणि पैसे किती हवेत. पटलं तर बोलू."

नागपूरच्या माणसाला एक परिच्छेद म्हणजे शिक्षाच. आमच्याकडे रस्ता विचारणाऱ्यालाही आधी तो ज्यांच्याकडे चाललाय त्यांची थोरली कुठे दिली ते कळतं, डावीकडे वळायचं ते नंतर.

आमचा धंदा कूलरच्या घरपोच दुरुस्तीचा. मार्च लागला की गॅलरीतला कूलर फडक्याखालून बाहेर येतो. ताट्यांचं गवत काळं पडलेलं, पंप जाम, टपाला गंज. मिस्त्रीला फोन केला की तो "उद्या येतो" म्हणतो, आणि त्याचा हा उद्या कधीकधी मेअखेरचा नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, संपल्यावर उगवतो. आम्ही ठरल्या वेळी माणूस पाठवतो, ताट्या आणि पंप त्याच्या पिशवीत असतात आणि पैसे आधीच सांगितलेले असतात.

पहिला मसुदा पार्टनरने लिहिला. सुरुवात होती, "जागतिक तापमानवाढीच्या पार्श्वभूमीवर समस्त मानवजात..." मामा बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांची स्वप्नं वाचून त्यावर 'नामंजूर' लिहिलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मानवजात राहू दे बे. कोणाचा कूलर बंद आहे ते लिही."

मग त्यांनी विचारलं, मिस्त्री मिळत का नाही? तेव्हा खरी अडचण बाहेर आली. काम चार महिन्यांचं. बाकीचे आठ महिने मिस्त्री वायरिंग करतो, रंगकाम करतो, कोणी गावी निघून जातो. मार्चमध्ये सगळ्या शहराला तो एकदम लागतो आणि तेव्हा तो हाताशी नसतो. हे वाक्य कागदावर आलं आणि मानवजात आपोआप गेली.

खरं भांडण 'आतापर्यंत काय जमलं' यावर झालं. पार्टनरने लिहिलं होतं, "एका उन्हाळ्यात ८ लाख ४० हजारांचं उत्पन्न." हिशेब खोटा नव्हता. १,२०० घरं, सरासरी बिल ७०० रुपये. पण त्या ७०० मधले २५० ताट्या आणि सामानाचे, ३०० मिस्त्रीचे, आपल्याला राहतात १५०. म्हणजे १ लाख ८० हजार.

"हे ८ लाख आपल्या खात्यातून गेले ना, मामा!"

"माझ्या काउंटरवरून कोटी गेले बाप्पा. मी काऊन पेन्शनवर हाओ?"

शेवटी दोन्ही आकडे ठेवायचे ठरले, पण एकूण बिलाला 'बिल' म्हणायचं आणि आपल्या वाट्याला 'आपला वाटा'. पैसे घालणारा हा फरक दुसऱ्या प्रश्नात विचारतोच, आणि तेव्हा सांगितला तर लपवल्यासारखा वाटतो.

पार्टनरच्या मसुद्यात "दरमहा ४० टक्के वाढ" असंही होतं. फेब्रुवारी ते एप्रिल कूलरच्या धंद्यात वाढ होते, यात आमचं कर्तृत्व काय? ते सूर्याचं. तोच आलेख जूनपर्यंत ओढला तर मृगाच्या पहिल्या सरीबरोबर कंपनी संपलेली दिसेल. एरवी लोक दर महिन्याला किती गिऱ्हाइकं टिकली ते मोजतात. आमच्याकडे ऑगस्टमध्ये एकही टिकत नाही आणि टिकूही नये. पावसाळ्यात कूलर लावला तर खोलीत नुसती चिकचिक होते. मग मोजायचं काय? तर त्याआधीच्या उन्हाळ्यात आलेल्या ४०० घरांपैकी किती जणांनी या मार्चमध्ये आपणहून फोन केला. वही काढली, मोजले. २१२. निम्म्याहून जास्त! सगळ्या परिच्छेदात दाखवण्यासारखा हा एकच आकडा होता आणि तो पार्टनरच्या मसुद्यात नव्हताच.

बाजाराचा विषय निघाल्यावर पार्टनर पुन्हा १४० कोटींवर गेला. देशात एवढी माणसं, सगळ्यांना उकडतं, त्यातले एक टक्का जरी आपले झाले तरी... या 'एक टक्का जरी'ला पैसेवाले फार भितात असं ऐकलंय. ते एक टक्का येणार कुठल्या गल्लीतून, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

शिवाय कूलर कोरड्या हवेचं यंत्र. ताटीतल्या पाण्याची वाफ होते म्हणून हवा गार होते. हवा आधीच दमट असेल तर वाफ होणार किती? त्यामुळे कोकणपट्टी गेली, मुंबई गेली. आमचा बाजार सह्याद्रीच्या अलीकडेच थांबतो, आणि परिच्छेद वाचणारा बसलाय पलीकडे.

मग खालून वर मोजायला घेतलं. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची वस्ती सुमारे २४ लाख, म्हणजे पाच लाखांच्या आसपास घरं. त्यातल्या निम्म्या घरांत कूलर धरला (हा आमचा अंदाज, आणि तसं लिहायचं) तर अडीच लाख. गुणिले १५०, पावणेचार कोटी. पार्टनरचा चेहरा पडला. मग अमरावती, अकोला, वर्धा, चंद्रपूर आठवले आणि तो जरा सावरला.

पैसे किती हवेत, हे सगळ्यात सोपं वाटलं होतं. ४० लाख. मामा म्हणाले, "कायसाठी, आणि किती महिने पुरतीन?" पार्टनर म्हणाला, बारा. "जुलैत आले तं?" जुलैत आले तर आठ महिने पगार वाटून हातात एकच उन्हाळा. जानेवारीत आले आणि अठरा महिने पुरले, तर दोन उन्हाळे सापडतात. मोठा खर्च आठ मिस्त्री बारमाही पगारावर ठेवण्याचा, कारण मूळ अडचण तीच होती. एक माणूस दिवसाला सहा घरं करतो, हंगाम शंभरेक दिवसांचा. म्हणून दुसऱ्या उन्हाळ्याचं लक्ष्य ४,५०० घरं, त्यापुढे आठ जणांचे हात पोचत नाहीत. कंपनीची किंमत आणि हिस्सा मामांनी लिहू दिला नाही. तो भाव समोरासमोर करायचा.

अखेर हे गेलं:

"नागपुरात दर मार्चमध्ये घरोघरी कूलर दुरुस्तीला एकदम निघतात, पण काम हंगामी असल्याने मिस्त्री टिकत नाहीत. आम्ही ठरल्या वेळी, ठरल्या दरात घरपोच दुरुस्ती करतो. गेल्या उन्हाळ्यात १,२०० घरं केली; एकूण बिल ८.४ लाख, आमचा वाटा १.८ लाख. आदल्या वर्षीच्या ४०० घरांपैकी २१२ परत आली. शहरात अंदाजे अडीच लाख कूलरची घरं आहेत, म्हणजे आमच्या वाट्याचा बाजार पावणेचार कोटी; विदर्भातली इतर शहरं वेगळी. जानेवारीपासून १८ महिन्यांसाठी ४० लाख हवेत: निम्म्याहून अधिक आठ मिस्त्रींच्या बारमाही पगाराला, उरलेले सामान, फोनवरची माणसं आणि जाहिरातीला. दुसऱ्या उन्हाळ्यात ४,५०० घरं हे लक्ष्य."

मूळ मसुद्यात 'खिडकीत बसवायचा' असे दोन शब्द कूलरच्या आधी होते. मामांनी ते काटले. "कूलर कोणाले माहीत नाही बे?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आकडे स्वच्छ आहेत, आवडले. एकच शंका आहे: ऑफिसात ज्याला ग्लास लावून पाणी पितात, तो कूलर लोक घरी का ठेवतात?

मामा चष्मा पुसत बसले. उत्तर लिहायला पार्टनरने लॅपटॉप ओढला, आणि मी डोकावलो तेव्हा तो पुन्हा मानवजातीपर्यंत पोचला होता.