हजार लिटर गोड्या पाण्यामागे 15 युनिट वीज?

दावा: “समुद्राचे हजार लिटर पाणी गोडे करायला 15 युनिट वीज जाते, म्हणजे नुसत्या विजेचेच सव्वाशे रुपये. तंत्र सुधारले की हा खर्च शून्यावर येईल, तोवर थांबा.”

15 हा आकडा आजच्या आरओ प्रकल्पांचा नाही. पाणी उकळून वाफ थंड करणाऱ्या आखातातील जुन्या प्रकल्पांची उष्णता विजेत मोजली, की एवढे मोठे आकडे येतात. आजचा मोठा आरओ प्रकल्प, समुद्रातून पाणी उचलण्यापासून ते टाकीत सोडण्यापर्यंत, हजार लिटरला साधारण 3 ते 4 युनिट घेतो.

याचा हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी 60 बार, म्हणजे हवेच्या सुमारे साठपट, दाबाला नेण्यास 1.67 युनिट ऊर्जा लागते. पण मीठ अडवणाऱ्या मेम्ब्रेनच्या पडद्यातून जेमतेम 42 टक्के पाणी पार होते, म्हणून हजार लिटर गोड्या पाण्यासाठी सुमारे 2,400 लिटर खारे पाणी दाबावे लागते आणि पंपाची घट धरून साडेचार युनिट जातात. उरलेले खारट पाणी मात्र अजून जवळजवळ तितक्याच दाबाखाली असते. हा दाब परत मिळवणाऱ्या प्रेशर एक्स्चेंजरमध्ये सिरॅमिकचे दंडगोल फिरत असते. त्याच्या उभ्या नळ्यांत एका टोकाने हे दाबाचे पाणी शिरते आणि दुसऱ्या टोकाच्या ताज्या समुद्रपाण्याला आपला दाब देऊन टाकते. त्यामुळे मुख्य पंपाला फक्त गोड्या पाण्याइतकेच पाणी दाबावे लागते, आणि पडद्यापाशी खर्च सव्वादोन युनिटांच्या आसपास उतरतो. उरलेले युनिट पाणी उचलणे, गाळणे आणि पुढे पाठवणे यांत जाते.

शून्याची आशाही चुकीची आहे, कारण आडवे येते ते मीठ. लिटरला 35 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातून निम्मे पाणी काढायचे, तर आदर्श यंत्रालाही सुमारे 1.06 युनिट लागतातच. शिवाय निम्मे पाणी निघाल्यावर उरलेल्याचा क्षार दुप्पट होतो आणि त्याचा परासरण दाब, म्हणजे त्यातून पाणी काढण्यासाठी ओलांडावा लागणारा दाब, 55 बारच्या घरात जातो. सगळे पाणी एकाच पंपाने दाबायचे, तर त्या शेवटच्या थेंबासाठी लागणारा दाब सगळ्यांनाच द्यावा लागतो, आणि मर्यादा दीड युनिटावर येऊन थांबते. म्हणून यापुढची बचत थोडीच असेल.

आता रुपये. साडेतीन युनिट, दर 8 रुपये, म्हणजे विजेचे 28 रुपये. पण विजेखेरीज कर्जाचे हप्ते, मेम्ब्रेन बदलणे, रसायने आणि माणसे हेही त्यात धरावे लागते. चेन्नईजवळच्या मिंजूर येथे 2010 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचा ठरलेला दर हजार लिटरला सुमारे 49 रुपये होता. इस्रायलच्या दुसऱ्या सोरेक प्रकल्पाची निविदा घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, सुमारे 41 अमेरिकी सेंटवर गेली. प्रकल्प निम्म्याच क्षमतेवर चालला, तर हप्ते तितकेच राहून हजार लिटरमागे दुप्पट होतात. दर बिघडवणारी ही गोष्ट त्या दाव्यात कुठेच नाही.

मुंबईत मनोरीला योजलेला 20 कोटी लिटरचा प्रकल्प याच मापाने रोज सुमारे 7 लाख युनिट, म्हणजे अखंड 29 मेगावॅट वीज घेईल.